टीएन प्रणालीतलं अंतिम सर्किट: लूप इम्पीडन्सची तपासणी आणि आरसीडीची निवड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वायरिंगची तपासणी करणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. उत्तरांमध्ये फेज-न्यूट्रल व्होल्टेज २३० आणि प्रणाली टीएन-एस किंवा टीएन-सी-एस धरली आहे, म्हणजे अर्थची तार ट्रान्सफॉर्मरपर्यंत वेगळी, किंवा काही अंतर न्यूट्रलशी एकत्र गेलेली. मर्यादा आयईसी ६०३६४ या मानकमालिकेप्रमाणे आहेत. तुमच्याकडचा नियम त्याहून कडक असेल तर तोच पाळा. एकच गोष्ट दोनदा लिहायची टाळली आहे, म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलेलं दिसेल.

१. लूप टेस्टर नेमकं काय मोजतो? तो अर्थिंगचा रेझिस्टन्स असतो का?

नाही. यंत्राच्या आत फेजची तार सुटून धातूच्या आवरणाला टेकली, तर करंट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून निघतो, फेजच्या तारेने यंत्रापर्यंत येतो, आवरणातून अर्थच्या तारेत शिरतो आणि तिच्यावाटे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल बिंदूला परत पोचतो. या अख्ख्या फेरीत जो अडथळा आहे तो लूप इम्पीडन्स, म्हणजे Zs. त्यातला जागेबाहेरचा भाग Ze, आतल्या फेजच्या तारेचा भाग R1 आणि अर्थच्या तारेचा R2.

```
Zs = Ze + (R1 + R2)
```

टेस्टर फेज आणि अर्थच्या मधे क्षणभर एक लोड टाकतो आणि व्होल्टेज किती पडलं ते पाहतो. १० अँपिअर ओढल्यावर ७ व्होल्ट पडले, तर फेरी ०.७ ओहमची. हे काम अर्थ पिट मोजण्याच्या मीटरचं नाही. तो मीटर जमिनीशी असलेला संपर्क मोजतो, आणि ती गोष्ट वेगळी.

२. Zs जास्त येतोय. आणखी एक अर्थ रॉड ठोकला तर कमी होईल का?

टीएनमध्ये जवळपास काहीच फरक पडत नाही. फॉल्टचा करंट इथे मातीतून जात नाही, तांब्या-ॲल्युमिनियमच्या तारेतून परत जातो. Ze ०.३ ओहम असताना त्याला २० ओहमची मातीची वाट समांतर जोडली, तर निकाल ०.३० चा ०.२९६ होतो. मीटरला तो फरक दिसणारही नाही.

उलट, रॉड ठोकल्यावर Zs खरोखरच बराच खाली आला, तर आनंद मानू नका. म्हणजे मूळ अर्थची तार कुठेतरी तुटलेली किंवा सैल आहे आणि तुमची प्रणाली नकळत मातीवर चालली आहे. आधी ती तार शोधा.

३. Zs किती असला तर चालतो?

अट एका ओळीची आहे:

```
Zs × Ia ≤ U0
```

U0 म्हणजे २३० व्होल्ट. Ia म्हणजे संरक्षण देणारं उपकरण ठरलेल्या वेळेत नक्की तुटेल एवढा करंट. ही वेळ ६३ अँपिअरपर्यंतच्या सॉकेट सर्किटांना आणि ३२ अँपिअरपर्यंतच्या कायमस्वरूपी जोडलेल्या यंत्रांच्या सर्किटांना ०.४ सेकंद आहे. मुख्य बोर्डाकडून उपबोर्डाकडे जाणाऱ्या सर्किटांना ५ सेकंद मिळतात.

एमसीबी म्हणजे जास्त करंटला आपोआप तुटणारा छोटा ब्रेकर. त्याच्या बाबतीत Ia त्याच्या कर्व्हवरून ठरतो. बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पटीत झटकन पडतो, सी कर्व्ह ५ ते १० पटीत, डी कर्व्ह १० ते २० पटीत. नेहमी वरचा आकडा घ्यायचा, कारण हातातला नग पट्ट्याच्या कोणत्या टोकाचा आहे हे कुणालाच माहीत नसतं. १६ अँपिअरच्या बी कर्व्हला ८० अँपिअर लागतात, म्हणून २३० भागिले ८० = २.८७ ओहम. त्याच रेटिंगच्या सी कर्व्हला १६० अँपिअर आणि १.४४ ओहम. डी कर्व्हला ३२० अँपिअर, म्हणजे फक्त ०.७२ ओहम.

यावरून एक गोष्ट कळते: एमसीबी सारखा पडतो म्हणून बीच्या जागी सी बसवला, की लूपची परवानगी निम्म्यावर येते. हा बदल पाच मिनिटांत होतो आणि पुन्हा मोजायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही.

४. १६ अँपिअर सी कर्व्ह आहे, मर्यादा १.४४, मीटरवर १.२० आलं. तरी नापास का म्हणता?

मीटरवर आलेला आकडा थंड तारेचा आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना मोजलेली तार पूर्ण लोडवर ७० अंशांना पोचली तर तिचा रेझिस्टन्स २० टक्क्यांनी चढलेला असतो, आणि फॉल्टचा करंट तिला आणखी तापवतो. म्हणून मोजलेला आकडा मर्यादेच्या दोन तृतीयांशात बसला पाहिजे:

```
Zs (मोजलेला) ≤ 2/3 × U0 / Ia
```

१६ अँपिअर सी कर्व्हला हे ०.९६ ओहम होतं, बी कर्व्हला १.९२. काही देशांत २/३ ऐवजी ०.८ चा गुणक वापरतात, पण विचार तोच.

१.२० आलं म्हणून तार लगेच उपटायची नाही. दोन तृतीयांश ही झटपट चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या सर्किटासाठी बारकाईने हिशोब करायची मुभा आहे: उगमापाशी Ze मोजा, तारांचा रेझिस्टन्स बंद सर्किटावर मोजा, फक्त तारांचा भाग तापमानाप्रमाणे वाढवा आणि मग बेरीज १.४४ शी ताडा. Ze मोठा आणि तार आखूड असेल तर सर्किट या हिशोबात बसूही शकतं. मात्र त्याआधी १.२० हा आकडा खरा आहे का ते पाहा (प्रश्न ६ आणि ७).

५. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी लावलाय. मग Zs मोजायचाच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं गणित चुकलेलं नसतं. आरसीडी म्हणजे अर्थमध्ये होणारी गळती ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण. त्याला झटकन पडायला रेटिंगच्या पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअर पुरतात. २३० भागिले ०.१५ केलं तर मर्यादा येते सुमारे १५३३ ओहम. तिच्यापुढे ०.९६ काय आणि १.२० काय!

पण टीएनमध्ये हजार ओहमचा लूप कधीच नसतो. तिथे चांगल्या सर्किटाचा आकडा एक ओहमच्या आसपास असतो. समजा ४० ओहम आला. आरसीडीच्या दृष्टीने सर्किट डोळे मिटून पास, कारण फॉल्टला साडेपाच-पावणेसहा अँपिअर वाहतील आणि तो पडेल. पण त्या ४० ओहमचा अर्थ असा की अर्थची तार कुठेतरी जवळजवळ तुटली आहे. आता ज्या दिवशी आरसीडीची यंत्रणा अडकलेली असेल, त्या दिवशी १६ अँपिअरच्या एमसीबीला पावणेसहा अँपिअर हा साधा लोड वाटेल. तो पडणार नाही आणि यंत्राचं आवरण जवळपास पूर्ण व्होल्टेजवर तसंच राहील.

आरसीडी हे बारीक स्प्रिंग आणि खटक्यांचं उपकरण आहे. वर्षानुवर्षं न पडलेला आरसीडी ऐनवेळी अडकू शकतो. म्हणूनच ३० मिलिअँपिअरच्या संरक्षणाला मानकात ‘अतिरिक्त’ म्हटलंय: ते अर्थच्या तारेवर आणि एमसीबीवर चढवलेलं दुसरं कवच आहे. १५३३ ओहमचा हिशोब माती हीच परतीची वाट असलेल्या टीटी प्रणालीत शोभतो. टीएनमध्ये त्याच्या आधारावर पास लिहिणं म्हणजे तुटकी तार कागदावर झाकणं.

६. मीटरवर ‘नो ट्रिप’ आणि जास्त करंटची अशा दोन पद्धती आहेत. कोणती वापरू?

आधी क्रम सांगतो. पुरवठा बंद करून अर्थच्या तारेची सलगता आणि इन्सुलेशन तपासल्याशिवाय चालू सर्किटावर लूप टेस्ट करायची नाही. अर्थची तार तुटलेली असेल तर टेस्टर फेजचा करंट तिच्यात ढकलतो, आणि तिला जोडलेली सगळी आवरणं त्या क्षणापुरती चढतात. पलीकडे कुणाचा हात असेल हे तुम्हाला दिसत नसतं.

आता पद्धत. जास्त करंटची टेस्ट काही अँपिअर ते वीस-पंचवीस अँपिअर ओढते आणि आकडा पक्का देते, पण आरसीडी पाडते. ‘नो ट्रिप’ साधारण १५ मिलिअँपिअरच्या आत राहते, म्हणून ३० चा आरसीडी टिकतो. पण इतक्या छोट्या करंटने पडलेलं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये असतं, आणि लाइनवरचा बारीकसारीक गोंगाट त्याच पातळीचा असतो. त्यामुळे आकडा दर वेळी थोडा हलतो. एकाच सॉकेटवर ०.७१, ०.७८, ०.६९ आलं तर घाबरू नका. चार-पाच वेळा घ्या आणि सगळ्यात चांगला वाटणारा तेवढा लिहायचा मोह टाळा.

त्यात भर म्हणजे काही आरसीडींच्या आणि आरसीडी-एमसीबी एकत्र असलेल्या आरसीबीओंच्या आतली कॉइल या छोट्या टेस्टला स्वतःचा इम्पीडन्स दाखवते. आकडा दहाव्या भागापासून कधीकधी अर्ध्या ओहमपर्यंत फुगतो, आणि ही फूग खऱ्या फॉल्टच्या करंटला नसते.

माझी रीत अशी: उगमापाशी, आरसीडीच्या वरच्या बाजूला, जास्त करंटने Ze. अंतिम सर्किटाचा R1+R2 बंद अवस्थेत सलगतेच्या मीटरने. दोन्हींची बेरीज हा माझा Zs. चालू सर्किटावरची ‘नो ट्रिप’ नंतर पडताळणीपुरती. नो ट्रिपवरसुद्धा आरसीडी पडत असेल तर तो बहुतेक आधीच गळतीने अर्धा भरलेला आहे (प्रश्न ११).

७. अपेक्षेपेक्षा आकडा जास्त आला तर दोष मीटरचा की वायरिंगचा, हे कसं ओळखू?

एक सर्किट पूर्ण सोडवून दाखवतो. पाच सॉकेट ओळीने, १६ अँपिअर सी कर्व्ह, वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे आत एमसीबी नसलेला आरसीडी, फेज आणि अर्थ दोन्ही २.५ चौरस मिमी तांबं, शेवटचा सॉकेट २८ मीटरवर. या तारेचा रेझिस्टन्स २० अंशांना मीटरला ७.४१ मिलिओहम, म्हणजे जाऊन-येऊन १४.८२. गुणिले २८ केलं की ०.४१ ओहम. उगमापाशी जास्त करंटने Ze आला ०.३२. अपेक्षित Zs ०.७३, मर्यादा ०.९६. कागदावर सगळं ठीक.

शेवटच्या सॉकेटवर ‘नो ट्रिप’ने आलं १.१८. अपेक्षेपेक्षा ०.४५ जास्त.

पहिली पायरी, मीटरचा वाटा वेगळा काढणं. आरसीसीबीच्या वरच्या टर्मिनलवर ‘नो ट्रिप’ने ०.३४, खालच्या टर्मिनलवर ०.५३. म्हणजे आरसीसीबीची फूग ०.१९ आणि मीटरचा स्वतःचा फरक ०.०२. एकूण ०.२१ खोटे. उरलेले ०.२४ ओहम खरे आहेत आणि ते तारेत आहेत.

दुसरी पायरी, प्रत्येक सॉकेटवर मोजत जाणं. सॉकेट ८, १३, १८, २३ आणि २८ मीटरवर होते. आकडे आले ०.६५, ०.७२, १.०४, १.११, १.१८. पाच मीटर तारेला ०.०७ वाढायला हवेत आणि तसेच वाढतायत, फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या सॉकेटच्या मधे एकदम ०.३२ ची उडी आहे. दोष या दोन पेट्यांपैकी एकीत.

तिसरी पायरी, फेज की अर्थ? फेज-न्यूट्रल लूप त्याच पाच ठिकाणी मोजला. तो कुठेही उडी न घेता सरळ वाढला. म्हणून फेज निर्दोष, गडबड अर्थच्या तारेत. पुरवठा बंद करून तिसरा सॉकेट उघडला: अर्थच्या टर्मिनलचा स्क्रू तारेच्या इन्सुलेशनवर आवळला होता, तांब्याचा जेमतेम एक कोपरा टेकत होता. तार नीट सोलून बसवल्यावर शेवटच्या सॉकेटवर ०.९४ आलं. त्यातून ०.२१ वजा केले की ०.७३.

आता गंमत पाहा. दुरुस्तीआधीचा खरा Zs ०.९७ होता, म्हणजे ०.९६ च्या चाळणीत जेमतेम अडकणारा. तार चार मीटर आखूड असती तर हाच दोष ०.९१ देऊन पास झाला असता. म्हणून मी मर्यादेआधी अपेक्षित आकडा काढतो. मर्यादा सांगते की एमसीबी पडेल का. सांधा धड आहे का, ते अपेक्षित आकड्याशी ताडल्यावरच कळतं.

आणि फेज-न्यूट्रलचा सैल सांधा तापतो, वास येतो, प्लॅस्टिक काळवंडतं. अर्थच्या तारेत रोज करंटच नसतो, त्यामुळे तिचा सैल सांधा वर्षानुवर्षं गप्प राहतो.

८. हिशोब बरोबर आहे, सांधे नीट आहेत, तरी Zs बसत नाही. काय करू?

सगळ्यात स्वस्त उपाय कर्व्ह बदलणं. सीच्या जागी बी बसवला की मर्यादा दुप्पट होते. मात्र त्या सर्किटावर सुरुवातीला झटका घेणारी मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर बी चालू करतानाच पडेल. मग जाड तार किंवा जवळ उपबोर्ड.

अर्थफॉल्टच्या संरक्षणासाठी आरसीडीवर विसंबणं टीएनमध्ये नियमाने चालतं, आणि लांबच्या सर्किटांना कधीकधी तोच मार्ग उरतो. पण इथे एक जण नेहमी विसरला जातो: न्यूट्रल. आरसीडी जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटमधला फरक पाहतो. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर फरक शून्य, आरसीडी आंधळा. तार लांब असेल तर फेज-न्यूट्रल लूपही जवळपास तेवढाच मोठा असतो, आणि शॉर्ट सर्किटला एमसीबी झटकन न पडता हळूहळू तापून पडतो. तेवढ्या वेळात तार टिकेल का हे तपासल्याशिवाय ‘आरसीडी लावला, प्रश्न मिटला’ म्हणू नका.

९. टाइप एसी, ए, एफ, बी यांतला कोणता घ्यायचा? आणि टाइप बी म्हणजे बी कर्व्हच ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. बी कर्व्ह हा एमसीबी किती करंटला झटकन पडतो ते सांगतो. टाइप बी हा आरसीडी कोणत्या आकाराची गळती ओळखतो ते सांगतो. आरसीबीओवर दोन्ही खुणा एकत्र असतात, म्हणून घोळ होतो.

टाइप एसी फक्त शुद्ध साइन लहरीची गळती ओळखतो. आज जवळजवळ प्रत्येक यंत्रात रेक्टिफायर असतो. त्यात फॉल्ट झाला तर गळती अर्ध्या लहरींची होते, किंवा तिच्यात डीसी मिसळतो. डीसीमुळे आरसीडीतला लोखंडी गाभा एका बाजूला भरून जातो आणि मग खरी गळती आली तरी त्याला हलता येत नाही. बाहेरून आरसीडी ठणठणीत दिसतो.

म्हणून सर्वसाधारण सॉकेटना किमान टाइप ए. तो अर्ध्या लहरी ओळखतो आणि ६ मिलिअँपिअरपर्यंतचा सपाट डीसी सोबत असला तरी काम करतो. एका फेजवरच्या, वेग बदलणाऱ्या मोटरच्या यंत्रांना, उदाहरणार्थ इन्व्हर्टर मोटरच्या वॉशिंग मशीनला, टाइप एफ. तीन फेजच्या ड्राइव्हला टाइप बी, कारण तिथे गळती जवळपास सपाट डीसी असू शकते. वाहन चार्जरला टाइप बी, किंवा चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून तोडणारी सोय असेल तर टाइप ए. ती सोय आहे की नाही ते चार्जरच्या कागदात पाहा, अंदाज करू नका.

एक सापळा: खाली टाइप बी आणि त्याच्या वर टाइप ए. खालचा नियमाने जेवढा डीसी वाहू देतो तेवढ्याने वरचा आंधळा होऊ शकतो, आणि त्या वरच्याखाली आणखी सर्किटं असतात. टाइप बीची शाखा वरच्या टाइप एच्या आधीच फोडून घ्या.

१०. ३०, १०० की ३०० मिलिअँपिअर?

माणसाच्या अंगातून करंट जाण्याविरुद्ध अतिरिक्त संरक्षण हवं असेल तर ३० किंवा त्याहून कमी. सामान्य लोक वापरतात अशा ३२ अँपिअरपर्यंतच्या सॉकेटना आणि बाहेर वापरायच्या तेवढ्याच रेटिंगच्या हलत्या यंत्रांना हेच लागतं. १०० आणि ३०० वरच्या पातळीवर, गळतीने आग लागू नये आणि लूपच्या संरक्षणाला जोड मिळावी म्हणून.

वर ३०० आणि खाली ३० असताना दोन्ही एकदम पडत असतील, तर वरचा साधा आहे. प्रत्यक्ष फॉल्टचा करंट अँपिअरमध्ये असतो, त्यामुळे दोघांचीही मर्यादा एकाच क्षणी ओलांडली जाते. वरचा ‘एस’ खुणेचा, म्हणजे मुद्दाम उशीर करणारा हवा आणि त्याचं रेटिंग खालच्याच्या किमान तिप्पट हवं. या दोन्ही अटी लागतात. अंतिम सर्किटावर ३० च्या जागी ‘एस’ प्रकार कधी लावायचा नाही.

११. काहीच बिघाड नाही, तरी आरसीडी मधूनच पडतो. का?

३० चा आरसीडी ३० लाच पडतो हा गैरसमज आहे. साइन लहरीला तो १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो. आणि फिल्टर असलेलं प्रत्येक इलेक्ट्रॉनिक यंत्र निरोगी असतानाही थोडी गळती अर्थमध्ये सोडतं. एकाच आरसीडीखाली अशी दहा-बारा यंत्रं आली, की तो काठावर बसतो, आणि कुणी स्विच दाबल्याचा झटका पुरतो.

स्थिर गळती रेटिंगच्या ३० टक्क्यांत ठेवायची, म्हणजे ३० च्या आरसीडीला ९ मिलिअँपिअर. मोजायला गळतीचा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकत्र लावा, अर्थची तार बाहेर ठेवा. आकडा १०-१२ येत असेल तर बिघाड शोधत बसू नका, सर्किटं दोन-तीन आरसीबीओंवर वाटा. ३० काढून १०० बसवणं हा उपाय नाही.

१२. लोड चालू केला की आरसीडी पडतो, रिकामा असताना राहतो. इन्सुलेशन तर चांगलं आलं.

तुम्ही इन्सुलेशन फेज-अर्थ मोजलं असणार. न्यूट्रल-अर्थ मोजा. आरसीडीच्या पुढे न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल, तर लोडच्या करंटचा काही भाग अर्थच्या तारेने परत जातो आणि आरसीडीला तो गळतीसारखा दिसतो. लोड नसताना वाटायला करंटच नाही, म्हणून तो गप्प. दोन्ही ध्रुव तोडणारा आरसीडी बंद केला की खालचा न्यूट्रल मोकळा होतो आणि दोष लगेच दिसतो.

तेही चांगलं आलं, तर दोन आरसीडींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत का पाहा. एका आरसीडीचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल घेतलेला दिवा लावला की दोन्ही पडतात. जुन्या बोर्डात सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर असतात, आणि नवा आरसीडी बसवताना पट्टी फोडायची राहून जाते.

टीएन-सीमध्ये, जिथे न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेत आहेत, तिथे आरसीडी लावताच येत नाही. ती तार आधी दोन तारांत फोडायची, आरसीडी त्यानंतर, आणि पुढे त्या दोघींची पुन्हा गाठ पडता कामा नये.

१३. टेस्टचं बटण दाबलं, आरसीडी पडला. झालं ना?

यंत्रणा हलते एवढं कळलं. बटण आतल्या रेझिस्टरमधून मुद्दाम असमतोल घडवतं. त्याला अर्थच्या तारेची गरजच नसते. अर्थ मुळातून कापलेल्या सॉकेटच्या बोर्डातही बटणाने आरसीडी पडतो.

वेळ टेस्टरने मोजायची. साध्या प्रकाराला रेटिंगइतक्या करंटला ०.३ सेकंदांच्या आत आणि पाचपटीला ०.०४ सेकंदांच्या आत. ‘एस’ प्रकाराला रेटिंगवर ०.१३ ते ०.५ सेकंद, म्हणजे तो लवकर पडला तरी नापास. अर्ध्या रेटिंगला पडता कामा नये. टेस्ट धन आणि ऋण दोन्ही अर्ध्या लहरींवरून सुरू करून घ्या आणि जास्त वेळ लिहा. खालची यंत्रं आधी काढून ठेवा, नाहीतर त्यांची गळती टेस्टच्या करंटमध्ये मिसळेल.

१४. मेनवर Zs छान आहे. वीज गेल्यावर तेच सर्किट इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर चालतं. वेगळं मोजायचं का?

इथे मोजलेला आकडा फसवतो. ट्रान्सफॉर्मर फॉल्टला शेकडो अँपिअर देतो. इन्व्हर्टर स्वतःच्या ट्रान्झिस्टरना वाचवण्यासाठी करंट रेटिंगच्या दोन-तीन पटींवर दाबून धरतो किंवा बंद होतो. प्रश्न ७ मधल्या सर्किटाला मेनवर सुमारे ३१० अँपिअर मिळतात. ३ किलोवॉटचा, म्हणजे १३ अँपिअरचा इन्व्हर्टर तिप्पट दाबून देईल तरी ३९ अँपिअर. १६ अँपिअरच्या सी कर्व्हला १६० हवेत, बीलाही ८०. तार कितीही जाड करा, उपयोग नाही, कारण अडचण तारेत नसून उगमात आहे.

अशा वेळी अर्थफॉल्टला आरसीडी हाच खरा आधार. पण त्यालाही करंट परत यायला वाट हवी. मेन तुटल्यावर इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला राहतो का, ते पाहा. बदल करणारा स्विच न्यूट्रलही तोडत असेल आणि इन्व्हर्टरच्या आत तो अर्थला जोडणारी रिले नसेल, तर पहिल्या फॉल्टला करंट वाहतच नाही आणि आरसीडी पडत नाही. म्हणून मेन बंद करून, इन्व्हर्टर चालू ठेवून, आधी न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजा. ते जवळपास शून्य हवं; शंभराच्या घरात तरंगत असेल तर न्यूट्रल मोकळा आहे. मग त्याच अवस्थेत आरसीडीची वेळ टेस्टरने मोजा. तो आकडा मेनवरच्या आकड्याशेजारी, वेगळ्या रकान्यात लिहा.